वजनं पडतात, पाणी तापतं, पण J जुळत नाही: वल्हेचाकाच्या प्रयोगातले नेहमीचे घोटाळे

ठाण्यातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात जूलचा वल्हेचाकाचा प्रयोग मुलांच्या हाती दिला की काही दिवसांत कोणीतरी वही घेऊन समोर उभं राहतं. "मॅडम, आमचा J ५.८७ येतोय." एक कॅलरी उष्णतेमागे किती जूल काम लागलं तो आकडा म्हणजे J. मार्चमधल्या दुपारच्या गटाचा ३.७ येतो. एकदा एका गटाचा २.८ आला आणि मुलांनी सगळी आकडेमोड तीनदा करून पाहिली. आकडेमोड बरोबर होती. पुस्तकात ४.१९ दिलेलं असतं, त्यामुळे मुलांना वाटतं की आपलं काहीतरी भयंकर चुकलं. मग ती वाचनं "जुळवायला" लागतात. ते होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. या प्रयोगात चुकीचं उत्तर उगाच येत नाही. कोणत्या दिशेला आणि किती चुकलं हे पाहिलं की यंत्रात कुठे हात घालायचा ते कळतं.

आधी आमची मांडणी सांगते, कारण पुढचे सगळे आकडे तिचेच आहेत. तांब्याचं उभट भांडं जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेलं, वजन ४०० ग्रॅम. आत पितळी वल्हेचाक आणि पितळेचीच पाती, मिळून ३५० ग्रॅम. पाणी ८०० ग्रॅम. चाकाच्या दांड्यावर वर एक रीळ आहे. रिळावरून दोन दोरे दोन बाजूंना कप्प्यांवर जातात आणि टोकांना ५-५ किलोची वजनं आहेत. वजनं दीड मीटर खाली येतात, मग ती वर गुंडाळायची आणि पुन्हा सोडायची. असं ४० वेळा. ठाण्यात g ९.७९ धरला तर एका वेळचं काम १० × ९.७९ × १.५, म्हणजे जवळजवळ १४७ जूल, आणि ४० वेळांचं ५८७४ जूल.

हे काम वल्ह्यांमार्फत पाण्यात जातं. पाणी घुसळलं जातं, भोवरे उठतात, ते आपापसांतल्या घर्षणाने विरतात आणि पाणी किंचित तापतं. पाण्याला मिळालेली उष्णता कॅलरीत मोजायची, म्हणजे वस्तुमान गुणिले तापमानातली वाढ. वजनांनी केलेलं काम जूलमध्ये मोजायचं. दोन्हींचा भागाकार म्हणजे उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक:

```
J = W / Q
```

एक कॅलरी मिळवायला किती जूल काम लागलं, एवढंच हे सूत्र विचारतं. मुलांना मी निदानाची पहिली पायरी इथेच शिकवते. J मोठा आला, तर वर मोजलेलं काम पूर्ण पाण्यात पोचलेलं नाही, किंवा पोचलेली उष्णता आपण पूर्ण मोजली नाही. J लहान आला, तर आपण न मोजलेली उष्णता पाण्यात कुठूनतरी घुसली. बाकी सगळं शोधकाम या दोन वाक्यांच्या आत आहे.

J मोठा येतो: आधी कान द्या

डिसेंबरमधल्या एका गटाचं उदाहरण घेऊ. पाणी रात्रभर बादलीत ठेवलेलं होतं आणि सुरुवातीला खोलीपेक्षा साधारण अर्धा अंश थंड होतं. ४० वेळा वजनं पाडल्यावर तापमान १.२५ अंशांनी वाढलं. मुलांनी ८०० ग्रॅम गुणिले १.२५ केलं, १००० कॅलरी आल्या, आणि J आला ५.८७. म्हणजे खऱ्यापेक्षा ४० टक्के जास्त!

मी त्यांना पुन्हा एकदा वजन सोडायला सांगितलं आणि फक्त ऐकायला सांगितलं. वजनं खालच्या वाळूच्या ट्रेमध्ये धप्पकन आदळली. ट्रे हलला, शेजारच्या टेबलावरची काचेची नळी किणकिणली. तो धप्प आवाज, वाळूचं उडणं, फरशीची थरथर, या सगळ्यात वजनांची गतिज ऊर्जा गेली. वल्हेचाकाच्या वाट्याला ती आलीच नाही. आपण मात्र पूर्ण १४७ जूल पाण्याच्या नावावर लिहिले.

आदळताना वजनांचा वेग किती आहे ते मोजायला आता महागडं काही लागत नाही. वजनाच्या मागे पट्टी उभी करायची आणि फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन व्हिडिओ घ्यायचा. शेवटचे १० सेंटिमीटर कापायला किती चित्रं लागली ते मोजायचं. या गटाला १० चित्रं लागली, म्हणजे वेग सेकंदाला २.४ मीटर. अर्धा गुणिले १० गुणिले २.४ चा वर्ग म्हणजे २८.८ जूल. दर वेळी १४७ मधले जवळजवळ २९ जूल वाळूत जात होते, पाचवा हिस्सा!

आता हिशोब पायरीपायरीने दुरुस्त करू. भांडं आणि चाकही पाण्याबरोबर तापतात, त्यांचा जलतुल्यांक विसरला होता. तांब्याचा विशिष्ट उष्मा ०.०९२, म्हणून ४०० ग्रॅम भांडं म्हणजे ३७ ग्रॅम पाणी. पितळेचा ०.०९ धरून ३५० ग्रॅमचे ३२ ग्रॅम. एकूण ८६९ ग्रॅम पाणी समजायचं. एवढ्याने J ५.८७ वरून ५.४१ वर आला. मग ४० वेळांची वाया गेलेली गतिज ऊर्जा, ११५२ जूल, कामातून वजा केली. J झाला ४.३५. शेवटी कप्प्यांचं घर्षण. त्यासाठी चाक सोडवून ठेवायचं आणि दोन्ही वजनं एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना कप्प्यांवरून लटकवायची, म्हणजे ती एकमेकांना तोलून धरतात. मग एका बाजूला थोडं थोडं वजन वाढवत जायचं. हाताने हलकी चालना दिल्यावर वजन न थांबता, वेग न वाढवता खाली जात राहील इतकी भर लागली की ती म्हणजे कप्प्यांनी खाल्लेला ओढा. त्यांना ३०० ग्रॅम लागले. १० किलोमध्ये ३०० ग्रॅम म्हणजे ३ टक्के. तेही वजा केल्यावर J आला ४.१९.

मुलं खूश झाली. मी नाही झाले. गतिज ऊर्जेच्या वजाबाकीवर इतका भार टाकून मिळवलेलं ४.१९ हे माझ्या मते उत्तर नव्हे. व्हिडिओत १० ऐवजी ११ चित्रं मोजली तर वेग दहा टक्क्यांनी बदलतो, वर्गामुळे ऊर्जा वीसेक टक्क्यांनी, आणि J चार-पाच टक्क्यांनी हलतो. जी चूक पाचव्या हिश्श्याएवढी आहे ती कागदावर वजा करू नये, यंत्रातून काढावी.

इथे एक उलटी चूकही होते. काही मुलं वजनांबरोबर चाकाची आणि फिरणाऱ्या पाण्याचीही गतिज ऊर्जा वजा करतात. ती करायची नाही. वजनं थांबल्यावर भांड्यातलं फिरणारं पाणी आणि चाक भांड्यातच थांबतात, त्यांची ऊर्जा तिथेच उष्णता होते. हरवते ती फक्त भांड्याबाहेर आदळणाऱ्याची.

वजनं इतक्या वेगाने का पडतात

मूळ कारण शोधायला मी भांड्याचं झाकण काढून चाक हाताने फिरवलं. चाकाबरोबर सगळं पाणी एकसंध फिरायला लागलं, मधे खळगा पडला, कडेला पाणी चढलं. म्हणजे वल्ही पाण्याला कापत नव्हती, पाण्याला सोबत घेऊन फिरत होती. सगळं पाणी चाकाच्याच वेगाने फिरलं तर चाकाला विरोध उरतोच कुठे? आणि विरोध नसला तर वजन जवळजवळ मोकळं पडल्यासारखं पडतं.

जूलच्या यंत्राचं मर्म इथे होतं. त्याच्या भांड्यात फिरत्या पात्यांचे ८ संच होते, आणि ते भांड्याला जोडलेल्या स्थिर पात्यांच्या ४ संचांमधून फिरत. स्थिर पाती पाण्याला गोल फिरू देत नाहीत. प्रत्येक वल्हं पाण्याला ढकलतं आणि स्थिर पातं ते पाणी अडवतं, म्हणून काम भोवऱ्यांत जातं. आमच्या भांड्यातली स्थिर पाती नुसती कडेला टेकवलेली होती. त्यांचे झाळणीचे डाग केव्हाच सुटले होते आणि पाती पाण्याबरोबर फिरत होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. यंत्र विकत घेताना कोणीही विचारत नाही अशी ही गोष्ट आहे, आणि सगळा प्रयोग तिच्यावर उभा आहे. म्हणून नवीन यंत्र आलं की आधी पाणी भरून, झाकण काढून चाक फिरवा. पाण्यात खळगा पडला तर पाती तपासा. पाणी जागच्या जागी खळबळलं आणि हात काढताच चाक लगेच थांबलं तर ठीक.

वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याकडून आम्ही पितळी पट्ट्यांच्या ४ उभ्या चौकटी करून घेतल्या आणि भांड्याच्या आतून पक्का डाग देऊन बसवल्या. नुसत्या एवढ्यानेच पडण्याचा वेग अर्ध्यावर आला. पण अर्ध्याने भागत नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्या पुस्तकांतल्या चित्रांत सहसा नीट दिसत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. जूलने वजनांचे दोरे सरळ चाकाच्या रिळावर बांधले नव्हते. त्याच्या कप्प्या लाकडी होत्या, १ फूट व्यासाच्या, आणि प्रत्येकीच्या आसावर २ इंच व्यासाचा रूळ होता. वजन या छोट्या रुळावर गुंडाळलेलं असे आणि मोठ्या कप्पीवरचा बारीक दोरा मधल्या चाकाकडे जाई. वजन एक इंच खाली आलं की बारीक दोरा सहा इंच ओढला जाई. म्हणजे वजन हळू, चाक जलद. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून चाक जलद फिरायलाच हवं. आणि वजन हळू उतरायला हवं, म्हणजे आदळताना त्याच्याकडे काही उरणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायचा हा साधा उपाय आहे. त्याची वजनं प्रत्येकी साधारण १३ किलोची होती आणि १.६ मीटर उतरत, तरी शेवटचा वेग सेकंदाला २.४२ इंच, म्हणजे ६ सेंटिमीटर फक्त. तरीही तो तेवढ्या वेगाचीसुद्धा छोटी वजाबाकी करत असे.

आम्ही १५ सेंटिमीटरच्या दोन कप्प्या आणि ३ सेंटिमीटरचे रूळ केले, म्हणजे पाच पट. बॉल बेअरिंग बसवल्या. आता वजनं १४ सेकंदांत उतरतात, वेग सेकंदाला साधारण ११ सेंटिमीटर. एका वेळी वाया जाणारी ऊर्जा ०.०६ जूलच्या आसपास, १४७ मध्ये नगण्य. वाळूचा ट्रे आता फक्त फरशीच्या काळजीपोटी ठेवला आहे. कप्प्यांचं घर्षणही २०० ग्रॅमवर आलं, म्हणजे २ टक्के.

मुलं विचारतात, मग वजनं वाढवून १०-१० किलो का नको, पाणी जास्त तापेल? वजन वाढलं की वेगही वाढतो आणि जुना त्रासही थोडा वाढतो. फेऱ्या वाढवल्या तर वेळ वाढतो, आणि वेळ वाढला की खोली मधे पडते. त्याबद्दल आता.

J लहान येतो: खोली पाण्यात शिरते

दुरुस्ती झाल्यावर आम्हाला वाटलं, सुटलो. मार्चमध्ये दुपारच्या गटाने प्रयोग केला आणि J आला ३.७३. जलतुल्यांक घेतलेला, वेग तपासलेला, सगळं व्यवस्थित. मी विचारलं, "पाणी कुठून घेतलं?" "मॅडम, माठातलं. नळाचं फार गरम होतं."

माठातलं पाणी २७ अंश होतं आणि खोली ३१. आमचं भांडं नमद्याने गुंडाळलेलं आणि बुचाच्या तुकड्यांवर ठेवलेलं आहे, तरी अशा भांड्यात दर अंश फरकामागे साधारण ०.२ वॅट उष्णता आत येते. ४ अंशांना ०.८ वॅट. ऐकायला काहीच नाही. पण ४० फेऱ्यांना गुंडाळण्यासकट २३ मिनिटं लागतात, आणि वल्हेचाक स्वतः सरासरी चारच वॅट देतं. खोली चाकाची भागीदार झाली होती आणि आपण तिचं नाव कुठे लिहिलं नव्हतं.

नशिबाने या गटाने मी सांगितलेली एक सवय पाळली होती. प्रयोगाआधी १० मिनिटं आणि नंतर १० मिनिटं चाक न फिरवता तापमान लिहून ठेवलं होतं. आधीच्या १० मिनिटांत पाणी नुसतंच ०.१३ अंश तापलं होतं, नंतरच्या १० मिनिटांत ०.०७. म्हणजे मिनिटाला सरासरी ०.०१० अंश खोलीची देणगी. २३ मिनिटांत ०.२३ अंश. एकूण वाढ १.८१ होती, त्यातून ०.२३ गेले, राहिले १.५८. काम ५८७४ मधून घर्षणाचे २ टक्के गेले, राहिले ५७५७ जूल. उष्णता ८६९ × १.५८, म्हणजे १३७३ कॅलरी. J = ४.१९.

ही वजाबाकी मला मान्य आहे, कारण ती मोजलेली आहे आणि लहान आहे. तरी आणखी चांगला मार्ग असा की ती जवळजवळ शून्य करावी. अपेक्षित वाढ १.६ अंश असेल तर पाणी खोलीपेक्षा ०.८ अंश थंड घेऊन सुरू करायचं. पहिल्या अर्ध्यात खोली जेवढं देईल, दुसऱ्या अर्ध्यात जवळजवळ तेवढंच परत घेईल. आम्ही आदल्या संध्याकाळी बादली प्रयोगशाळेतच ठेवतो आणि सकाळी मामा एक तांब्याभर माठाचं पाणी मिसळून तापमान आणून ठेवतात. पंखा बंद ठेवायचा. खिडकीतून ऊन भांड्यावर येत असेल तर पडदा लावायचा. झाकणाच्या फटी बंद ठेवायच्या, नाहीतर बाष्पीभवन होतं आणि चूक उलट्या बाजूला जाते.

जूलने तर प्रत्येक प्रयोगाला जोडीचा एक रिकामा प्रयोग केला होता. तेवढाच वेळ, तेच भांडं, पण वजनं न पाडता, फक्त खोली पाण्याला काय करते ते पाहण्यासाठी. पाण्यावरचे असे ४० जोडप्रयोग त्याच्या १८५० सालच्या निबंधात आहेत. एका प्रयोगात सहा किलोंच्या आसपास पाणी, २० वेळा वजनं, सुमारे ३५ मिनिटं, आणि मिळणारी वाढ फक्त ०.३१ अंश सेल्सिअस. आपल्याला १.६ अंश मिळतो तरी धाप लागते. तो मँचेस्टरजवळ सॅलफर्डच्या बिअर बनवणाऱ्या घरात वाढलेला. त्याने डान्सर या कारागिराकडून इतका बारीक थर्मामीटर करून घेतला होता की फॅरनहाइटच्या एका अंशाचा दोनशेवा भाग नजरेने वाचता येई. मोजमापाची ही चिकाटी बाजूला ठेवली तर त्याच्या प्रयोगात काही उरत नाही, असं मला वाटतं.

पावसाळ्यातला घोटाळा

हा ठाणे-नवी मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण थंड, कोरड्या देशात लिहिलेल्या पुस्तकांत तो सापडत नाही. जुलैत एका गटाने फ्रिजचं पाणी मिसळून सुरुवात २४ अंशांवर केली. खोली २९ अंश, हवा ओलीचिंब. भांड्यावर, नमद्याच्या वरच्या उघड्या कडेवर, बारीक दव जमलं. कोणी लक्ष दिलं नाही, फडक्याने पुसलं.

दव जमताना वाफेची अप्रकट उष्णता भांड्याला मिळते. एक ग्रॅम वाफ पाणी होताना साधारण ५८० कॅलरी देते. आपल्या ८६९ ग्रॅमला एक ग्रॅम दव म्हणजे ०.६७ अंश! आपल्या सगळ्या ४० फेऱ्यांच्या वाढीच्या चाळीस टक्के. आणि एक ग्रॅम म्हणजे फक्त वीसेक थेंब. आधी-नंतरची १० मिनिटं पाहूनही हे नीट पकडता येत नाही, कारण सुरुवातीला दव जमतं आणि पाणी तापून दवबिंदूच्या वर गेलं की जमणं थांबतं. म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा दर सरासरीत बसत नाहीत. पावसाळ्यात खोली २९ अंश असताना दवबिंदू २६-२७ असू शकतो. म्हणून खोलीपेक्षा एक अंशाहून जास्त थंड पाणी घ्यायचंच नाही. शंका असेल तर भांड्याच्या बाहेर बोट फिरवून पाहा. बोट ओलं झालं तर ते पाणी ओतून द्या.

J चक्क २.८ येतो: पिन

याला फार शब्द नकोत, पण हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. वजनं वर गुंडाळताना वल्हेचाक फिरता कामा नये. जूलच्या यंत्रात रीळ आणि चाकाचा दांडा एका पिनने जोडलेले असत. वजनं गुंडाळताना पिन काढायची, सोडताना घालायची. आपल्याकडेही तसंच आहे, आणि मुलं घाईत पिन तशीच ठेवतात. मग हाताने गुंडाळतानाही चाक पाणी घुसळतं, आणि ते काम आपल्या हिशोबात नाही.

किती? पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांना लागणारं कामही वेगाच्या वर्गाने. वजनं १४ सेकंदांत उतरतात आणि आपण २० सेकंदांत गुंडाळतो, तर गुंडाळताना (१४/२०) चा वर्ग, म्हणजे जवळजवळ निम्मं काम पुन्हा पाण्यात जातं. पाण्याला दीडपट उष्णता मिळाली आणि J दीडपटीने घटला. ४.१९ भागिले १.५ केलं की २.८ येतो. हा आकडा दिसला की मी सरळ विचारते, "पिन कोण काढत होतं?" गुंडाळताना हँडल जड लागलं तर पिन आत आहे, हलकं लागलं तर बाहेर आहे. एका मुलाला फक्त पिनेचंच काम द्यावं.

त्याच सुमारास दांड्यातून येणारी उष्णताही आठवावी. हँडल धातूचं आणि दांडा सलग पितळी असेल तर हाताची ऊब आणि वरच्या बेअरिंगच्या घर्षणाची ऊब दांड्यातून पाण्यात उतरते. जूलने दांड्यात बॉक्सवुड या लाकडाचा तुकडा मधे घातला होता तो याचसाठी. आम्ही सागाचा तुकडा घातला, पिन त्याच्या वर आहे.

किती जवळ आलं की थांबायचं

आमचा थर्मामीटर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला बेकमन आहे, ०.०१ अंशापर्यंत वाचतो. त्याचा पारा चिकटतो, म्हणून प्रत्येक वाचनाआधी पेन्सिलच्या रबराने हळूच टकटक करायची. सुरुवातीला आणि शेवटी एकेक शतांशाची चूक झाली तर १.५८ मध्ये ०.०२, म्हणजे १.३ टक्के. कप्प्यांच्या घर्षणाचं मोजमाप अर्धा टक्का इकडेतिकडे. म्हणून वर मी ४.१९ लिहिलं तरी त्यातला शेवटचा ९ मी शपथेवर सांगणार नाही. ४.१३ ते ४.२५ मध्ये कुठेही आलं तरी प्रयोग चांगला झाला, आणि वहीत ते जसं आलं तसंच लिहायचं. नेहमीचा ०.१ अंशाचा थर्मामीटर असेल तर दहा टक्क्यांची चूकसुद्धा यंत्राची नसते, वाचनाची असते. तेव्हा आधी थर्मामीटर बदला, मग बाकीचं बघा.

मुलं विचारतात की जूलचं उत्तर तरी ४.१९ आलं होतं का? त्याचा १८५० चा आकडा ७७२ फूट-पौंड होता, एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला. आजच्या एककांत तो साधारण ४.१६ होतो, म्हणजे अर्ध्या-पाऊण टक्क्याने कमी. पुढे १८७८ मध्ये त्याने पुन्हा मोजून ७७२.५५ काढला, आणि तोच आकडा त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. त्यानंतर बाल्टिमोरच्या रोलंडने वल्ही इंजिनाने फिरवून पाणी कितीतरी जास्त अंश तापवलं. त्याच्या हे लक्षात आलं की पाण्याचा विशिष्ट उष्माच तापमानाप्रमाणे थोडा बदलतो, साधारण ३० अंशांपर्यंत तो घटत जातो. आपल्या खोलीत २८ अंशांना तो ४.१८, १५ अंशांना ४.१९. आपल्या यंत्राला हा फरक दिसणं शक्य नाही, पण एखादी हुशार मुलगी विचारते की पुस्तकातलं ४.१८६ कुठल्या तापमानाचं, तेव्हा उत्तर तयार हवं.

आज कॅलरी जूलमध्येच ठरवून दिलेली आहे, त्यामुळे आता J मोजला जातो असं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. आपण मोजतो तो खरं तर पाण्याचा विशिष्ट उष्मा. तरी वहीवरचं शीर्षक मी बदलत नाही. १४७ जूल खाली उतरताना पाहायचे आणि तेच पाण्यात सापडायचे, यासाठीच हा प्रयोग मांडलेला असतो.

पुढच्या गटाला देण्याआधी मी सध्या एवढंच करते. झाकण काढून चाक फिरवून पाहते, वजनं पडताना आवाज ऐकते, भांड्याला बाहेरून बोट लावते, आणि पिन कोणाकडे आहे ते विचारते.